एकाच घरात दोन तऱ्हेचा दमा

आमच्या घरात दोघांना दमा आहे असं गावात सगळे म्हणायचे. वडील अण्णा आणि काकू. अण्णांना तरुणपणापासून विडी. काकूंनी विडीला हात लावला नाही, पण लग्न होऊन आल्यापासून चुलीपुढे बसल्या. गावातले डॉक्टर दोघांना एकच खोकल्याचं औषध आणि दम्याची गोळी द्यायचे.

त्रास मात्र सारखा नव्हता. काकू सकाळी उठल्या की अर्धा तास खोकत आणि वाटीभर बेडका काढत. पावसाळ्यात आणि थंडीत तर विचारूच नका. अण्णांना खोकला नावालाच. पण ते वाळत चालले होते, आणि आंघोळ करून आले तरी गुडघ्यांवर हात टेकून, ओठांचा चंबू करून श्वास सोडत बसायचे. मला वाटायचं, वय झालं.

शेवटी दोघांना शहरातल्या छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. नळीत फुंकायची तपासणी झाली. त्याला स्पायरोमेट्री म्हणतात. एकदा फुंकायचं, मग श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध ओढायचं, थोडं थांबून पुन्हा फुंकायचं. जोर लावून सोडलेल्या एकूण हवेपैकी पहिल्या सेकंदात किती बाहेर पडते ते त्यात बघतात. औषधानंतरही हे प्रमाण सत्तर टक्क्यांच्या खाली असेल तर नळ्यांत अडथळा आहे. दोघांचंही खालीच आलं. म्हणजे साधा दमा नाही, दोघांना सीओपीडी. पण सीटी स्कॅन आणि फुप्फुसातून रक्तात वायू किती जातो याची तपासणी केल्यावर दोघांची वाट वेगळी निघाली.

अण्णांना एम्फिसिमा. यात श्वासनळ्यांच्या टोकाचे हवेचे फुगेच मोडतात. धुरामुळे तिथे सूज येते, सुजेतल्या पेशींमधून निघणारं रसायन फुग्यांच्या भिंतीतले लवचिक धागे खाऊन टाकतं, आणि शेजारशेजारचे बारीक फुगे मिळून एक मोठी पोकळी होते. प्राणवायू रक्तात जायला जागाच कमी उरते. शिवाय फुप्फुस जुन्या इलॅस्टिकसारखं सैल पडतं. श्वास सोडताना बारीक नळ्या मिटतात आणि हवा आत अडकते. ओठांचा चंबू करून हळू सोडलं की आतला दाब टिकतो, नळ्या उघड्या राहतात. अण्णांना हे कुणी शिकवलं नव्हतं.

काकूंचे फुगे बरेचसे शाबूत होते. त्यांना क्रॉनिक ब्राँकायटिस. दोन वर्षं ओळीने, दर वर्षी निदान तीन महिने बेडक्याचा खोकला, आणि त्याला दुसरं कारण सापडलं नाही, तर हे नाव देतात. धुराने नळ्यांचं अस्तर सुजतं, चिकट स्राव करणाऱ्या ग्रंथी वाढतात आणि तो वर ढकलणारी सूक्ष्म लव झडते. बेडका साचतो, त्यात जंतू वाढतात. डॉक्टर म्हणाले, पुष्कळ जणांत दोन्ही थोडंथोडं असतं. तुमच्याकडे एकेक ठळक आहे इतकंच.

मोडलेले फुगे परत येत नाहीत. अण्णांची विडी सुटली ती पुढची मोडतोड मंदावावी म्हणून. ते दिवसातून चार-पाच वेळा थोडंथोडं खातात, कारण भरलेलं पोट श्वासाच्या पडद्याला रेटतं. काकूंची चूल बंद करून गॅस आणला आणि सकाळची वाटी बरीच कमी झाली. इनहेलर दोघांनाही स्पेसरमधून. त्यात स्टेरॉइड असेल तर नंतर चूळ भरायची.

खरी भीती वाटली ती त्याच हिवाळ्यात. काकूंचा बेडका हिरवा झाला, वाढला, धाप लागली. हा जंतुसंसर्ग, लगेच दाखवायचं, हे माहीत होतं. एका दवाखान्यात भरती केलं. तिथे मास्क लावून भरपूर ऑक्सिजन सोडला. बोटावरच्या यंत्रात ९९ दिसायला लागले. आम्ही निर्धास्त झालो. काकू मात्र पेंगायला लागल्या, हाक मारली तर ‘हं’ म्हणून पुन्हा डोळे मिटायच्या. दमल्या असतील म्हणून आम्ही झोपू दिलं. रात्रीच्या डॉक्टर बाईंनी रक्त तपासलं तेव्हा कार्बन डायऑक्साइड खूप चढला होता. अशा जुन्या रुग्णांना ऑक्सिजन जास्त झाला की तो वायू रक्तात साठू शकतो. त्यांनी ऑक्सिजन कमी करून आकडा नव्वदच्या आसपास आणला आणि श्वासाला मदत करणारा घट्ट मास्क लावला. सकाळी काकूंनी चहा मागितला.

आता दोघांच्याही फायलीवर मी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय: सीओपीडी, ऑक्सिजन ८८ ते ९२. तुमच्या घरी असा रुग्ण असेल तर त्याचा आकडा डॉक्टरांना विचारून लिहून घ्या, आणि ऑक्सिजन चालू असताना माणूस पेंगायला लागला तर झोपू देऊ नका, लगेच नर्सला बोलवा.