कृत्तिकांचं वय

ताऱ्याचं आयुष्य डोळ्यांदेखत पाहणं कुणालाच शक्य नाही. सूर्यासारखा तारा हायड्रोजन जाळत सुमारे दहा अब्ज वर्षं काढतो आणि आपल्या वाट्याला त्यातला एक क्षण येतो. तरीही ताऱ्याचं तारुण्य-वार्धक्य सांगता येतं, ते हर्ट्झस्प्रुंग-रसेल आकृतीमुळे. उभ्या अक्षावर तेज, आडव्या अक्षावर तापमान. आणि तापमान वाढत जातं ते डावीकडे.

सोलापुरात मुलांना ही आकृती शिकवताना एक गैरसमज हमखास भेटतो. वर डावीकडून खाली उजवीकडे उतरणारा ताऱ्यांचा दाट पट्टा, म्हणजे मुख्य क्रम, पाहिला की मुलं म्हणतात, तारा या पट्ट्यावरून घसरत थंड होतो. तसं होत नाही. पट्ट्यावरची जागा वस्तुमानाने ठरते. जड तारा वर, हलका खाली, आणि हायड्रोजन पुरतो तोवर तारा जवळपास तिथेच राहतो. गड्ड्याच्या यात्रेतल्या गर्दीचा फोटो घेतला तर त्यात तान्ही मुलं असतात आणि आजोबाही. त्यावरून एका माणसाचं आयुष्य जुळवणं कठीण. एकाच वर्षी जन्मलेल्यांचा फोटो मिळाला तर मात्र फरक कशामुळे पडला ते कळतं. आकाशात असा फोटो म्हणजे तारकागुच्छ. सगळे तारे जवळपास एकाच वेळी जन्मलेले, फरक फक्त वस्तुमानाचा.

म्हणून मी सुरुवात कृत्तिकांपासून करते. गाया दुर्बिणीची माहिती कुणालाही मोफत मिळते. कृत्तिकांच्या भोवतीचे तारे घेतले की त्यांत पुढचे-मागचे असंख्य परके असतात. ते गाळायला दोन चाळण्या पुरतात. एक अंतराची: कृत्तिकांचा पॅरलॅक्स 7.4 मिलिआर्कसेकंदांच्या आसपास, म्हणजे अंतर साधारण 440 प्रकाशवर्षं. दुसरी निजगतीची: गुच्छातले तारे आकाशात एकाच दिशेने, जवळपास एकाच वेगाने सरकतात. उरलेल्या प्रत्येक ताऱ्याची दिसणारी प्रत अंतराच्या हिशोबाने सुधारायची:

```
M_G = phot_g_mean_mag + 5*log10(parallax) - 10
```

पॅरलॅक्स 7.4 धरला तर प्रत्येकाच्या प्रतीतून सुमारे 5.65 वजा होतात. तापमानाच्या जागी `bp_rp` हा रंगाचा आकडा घ्यायचा. निळा तारा तापलेला, तांबडा थंड. बिंदू मांडले की विस्कळीत गर्दीतून एक रेखीव पट्टा उमटतो.

त्या पट्ट्याच्या किंचित वर, पाऊण प्रतीवर, दुसरी विरळ रेघ दिसते. तिला वेगळ्या वयाचे तारे समजू नये. जवळजवळ सारख्या वजनाचे दोन तारे एकत्र दिसले की प्रकाश दुप्पट होतो आणि रंग तोच राहतो. त्या जोड्यांची ती रेघ.

खरं वाचन पट्ट्याच्या वरच्या टोकाशी. जड ताऱ्याकडे इंधन जास्त असतं, पण तो ते फार वेगाने जाळतो. सूर्याच्या दुप्पट वस्तुमानाचा तारा दहापटीहून अधिक तेजाने तळपतो, म्हणून लवकर संपतो. सगळ्यांत जड तारे आधी पट्टा सोडून उजवीकडे वळतात, आणि ते जिथून वळतात तो बिंदू गुच्छाचं वय सांगतो. कृत्तिकांत तो निळ्या, बारा-तेरा हजार केल्विनच्या ताऱ्यांपाशी आहे.

रोहिणीच्या व्ही आकारातला हायडीस गुच्छ मांडला तर निळा भाग नाहीसा झालेला दिसतो. वळण सुमारे आठ हजार केल्विनवर येतं, उजवीकडे काही राक्षसी तारे आणि खाली डावीकडे श्वेतबटू दिसतात. हा गुच्छ सुमारे साठ-पासष्ट कोटी वर्षांचा. इथे एक सापळा आहे: त्या व्हीमधला सर्वांत तेजस्वी तांबडा तारा, खुद्द रोहिणी, या गुच्छातला नाहीच. गुच्छ 153 प्रकाशवर्षांवर, ती 65 वर. गुच्छाचंच अंतर तिला लावलं तर ती आकृतीत जवळपास दोन प्रती वर उडी मारते.

अंतर चुकलं की सगळंच चुकतं. 1997 साली हिप्पार्कस उपग्रहाच्या मोजणीने कृत्तिका बऱ्याच जवळ आणल्या, आणि त्यांचा मुख्य क्रम इतर गुच्छांच्या मानाने अंधूक ठरू लागला. वाद वर्षानुवर्षं चालला. गायाने अंतर पुन्हा 440 प्रकाशवर्षांच्या आसपास नेऊन तो मिटवला.

अंतर पक्कं असलं तरी वळणबिंदूला मर्यादा आहेत. कृत्तिकांत त्या टोकाला तारे मोजकेच, शिवाय त्यांतले काही फार वेगाने गरगरतात. अशा ताऱ्याचा ध्रुव आपल्याकडे आहे की विषुववृत्त, यावर त्याचा रंग आणि तेज बदलतं. म्हणून वळणावरून काढलेल्या वयाची मी दुसऱ्या मार्गाने खात्री करून घेते. फार हलक्या ताऱ्यांत लिथियम कुठवर शिल्लक आहे, त्यावरूनही वय निघतं. कृत्तिकांसाठी ते सुमारे बारा कोटी वर्षं येतं.

ज्यांना हे स्वतः करून पाहायचं आहे त्यांनी कृत्तिकांनंतर पुष्य नक्षत्रातला गुच्छ घ्यावा. त्याचं वळण हायडीसच्या वळणाशी ताडून पाहा आणि वय पुस्तकात बघण्याआधी स्वतः लिहून ठेवा.