हिशेब जुळला, बेरीज चुकली

शिनोलीत दादाचं, म्हणजे माझ्या मावसभावाचं, खता-औषधांचं दुकान आहे. जुलैत भाताच्या लावणीची गडबड असते, त्यामुळे बिलं नुसती साठत जातात. ऑगस्टमध्ये त्याने मला शेहेचाळीस पीडीएफ पाठवल्या आणि म्हणाला, "एका शीटमध्ये आण बाबा सगळं."

पीडीएफमधला मजकूर मी एका ओळीत काढला:

```
for f in *.pdf; do pdftotext -layout "$f"; done
```

मग प्रत्येक फाइलमधली `Grand Total` ची ओळ आणि तिच्या वरचे आकडे शीटमध्ये घेतले: करपात्र रक्कम, सीजीएसटी, एसजीएसटी, राउंड ऑफ, एकूण. एक बिल कागदाचा फोटो काढून बनवलेलं होतं. त्यातून एक अक्षरही निघालं नाही, म्हणून त्याचे आकडे मी हाताने घातले. पडताळणीला शेजारी सूत्र लावलं:

```
=ROUND(E2+F2+G2+H2-I2,2)
```

सगळीकडे शून्य आलं आणि मी खूश झालो. दादा मात्र आपली वही घेऊन बसला. बिल आलं की तो एकूण रक्कम पेनाने लिहून ठेवतो. "तुझी बेरीज एक लाख छत्तीस हजार तीनशे साठने जास्त आहे," तो म्हणाला.

एवढ्या रकमेचं बिलच नव्हतं. शोधायला अर्धा दिवस गेला, कारण चुका दोन होत्या आणि एकीने दुसरीला झाकलं होतं. एका खताच्या बिलाच्या पीडीएफमध्ये तीन पानं होती: आपली प्रत, वाहतूकदाराची प्रत आणि विक्रेत्याची प्रत. ८४,६०० वर पाच टक्के कर धरून ८८,८३० चं बिल तीनदा आलं होतं, म्हणजे १,७७,६६० जास्त. प्रत्येक ओळ आपापल्या जागी बरोबर होती, मग सूत्र बिचारं काय पकडणार? ही चूक जीएसटी नंबर आणि बिल नंबर एकत्र मोजल्यावर सापडली:

```
=COUNTIFS(B:B,B2,C:C,C2)
```

एकच्या जागी तीन दिसले.

दुसरी चूक हाताने घातलेल्या औषधाच्या बिलात होती. त्याचे ४१,३०० एकूणच्या खान्यात मजकूर म्हणून बसले होते. वजाबाकीत शीट असा मजकूर गुपचूप आकडा मानतं, पण `SUM` त्याला ओलांडून पुढे जातं. नीट पाहिलं तर आकडा खान्यात डावीकडे चिकटलेला होता, बाकीचे सगळे उजवीकडे. ओळी अठ्ठेचाळीस होत्या, पण `=COUNT(I2:I49)` ने सत्तेचाळीसच सांगितलं. १,७७,६६० मधून ४१,३०० गेले की दादाचा फरक पैशासकट जुळतो.

शेवटी पोर्टलवरच्या जीएसटीआर-२बीशी ताडून पाहिलं. ते दर महिन्याच्या चौदा तारखेला तयार होतं, विक्रेत्यांनी भरलेल्या बिलांवरून. तिथे एक बिल जादा निघालं, ३१ जुलैचं. दादाने ते ऑगस्टच्या फोल्डरमध्ये टाकलं होतं.

"माल दोन तारखेला उतरला ना," तो म्हणाला. माल हातात आल्याशिवाय क्रेडिट घेता येत नाही. ते बिल मी ऑगस्टच्या फोल्डरमध्येच राहू दिलं.