भिंत पंधरा फुटांची, कागद साडेसोळा इंचांचा



एप्रिलच्या शेवटी नातीच्या शाळेतल्या चित्रकलेच्या मॅडम घरी आल्या. पहिली-दुसरीच्या वर्गांबाहेरच्या व्हरांड्यात ताडोबाचे जंगल रंगवायचे होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत काम उरकायचे, म्हणजे जूनअखेर शाळा उघडली की मुलांना भिंत तयार दिसेल. "काकू, तुमच्या रांगोळ्या मोठ्या असतात, जरा नजर टाका ना," असे म्हणून त्यांनी कागद उलगडला. दोन महिने रात्री बसून काढलेले चित्र होते ते. मध्ये वाघ, भोवती सागवान, चितळ, मोर. फारच सुरेख! म्हणूनच पुढचे बोलायला मला जड गेले.

मी विचारले, "भिंत केवढी आहे?" चित्रासाठी १५ फूट लांब आणि ६ फूट उंच जागा होती. कागद ए-३ मापाचा, म्हणजे साडेसोळा इंच लांब आणि जवळपास पावणेबारा इंच उंच. चित्र कागदभर काढलेले. आपण वाणिज्य शाखेच्या, त्यामुळे आधी भागाकार सुचतो. कागदाची लांबी भिंतीवर जायची तर सुमारे ११ पट वाढायला हवी, उंची मात्र सहा पटच. तसेच ताणले असते तर वाघ पावणेदोन पट लांबोडा झाला असता, मुंगसासारखा. न ताणता बसवला असता, तर चित्राच्या दोन्ही बाजूंना कोरी भिंत उरली असती.

मॅडमचा चेहरा उतरला. मी त्याच कागदाच्या पाठीमागे १५ इंच बाय ६ इंचांची चौकट आखली आणि म्हटले, आता एक इंच म्हणजे एक फूट. कागदावर जे असेल ते भिंतीवर बरोबर बारा पट होईल. मग लगेच कळू लागले, की अर्ध्या इंचाची खार भिंतीवर सहा इंचांची होईल आणि पेनाची एक मिलिमीटरची रेघ सव्वा सेंटीमीटरची. कागदावर नाजूक दिसणारी मोराची पिसे भिंतीवर ब्रशने कशी निघतील, हेही त्यातच ठरले.

दुसरी गोष्ट मला व्हरांड्यात उभी राहिल्यावर दिसली. व्हरांडा जेमतेम सात फूट रुंद. समोरच्या जाळीला पाठ लावून उभे राहिले, तरी मान न वळवता सहा-सात फूटच भिंत नजरेत मावते. २०१८ साली रेल्वेच्या स्थानक सुशोभीकरण स्पर्धेत चंद्रपूर आणि बल्लारशा स्थानकांनी पहिला नंबर पटकावला, तेव्हा तिथल्या भिंतींवरचे ताडोबाचे प्राणी सगळ्यांनी कौतुकाने पाहिले. मॅडमच्या डोळ्यांपुढे तेच होते. पण स्थानकावरची भिंत आपण रुळांपलीकडून, लांबून पाहतो. तिथला नऊ फुटी वाघ या व्हरांड्यात आणला, तर जवळून नुसते पट्टे दिसतील.

म्हणून चित्राचे तीन भाग केले, प्रत्येकी पाच फुटांचे. पाणवठा, मग सागवान, मग गवताळ माळ. देवळातल्या लेश्यावृक्षाच्या चित्रात झाड एकच असते, पण आपण एकेक माणूस वेगळा पाहत जातो. तसेच इथे चालता चालता पाहायचे. वाघ चार फुटांचा केला.

मग मी गुडघ्यांवर बसले. गुडघ्यांची तक्रार बाजूला ठेवली. पहिलीच्या मुलाचे डोळे साधारण साडेतीन फुटांवर असतात. मूळ आराखड्यात चित्र जमिनीपासून तीन फुटांवर सुरू होत होते आणि खार, फुलपाखरे, मुंग्या सगळ्यात वर होत्या. चित्र एक फूट खाली आणले, बारीकसारीक गमती खालच्या दोन ओळींत घेतल्या, वर फक्त फांद्या ठेवल्या. अडचण एकच, तीन फुटांपर्यंत भिंतीला तुळतुळीत ऑइल पेंट होता. त्यावर इमल्शन धरत नाही, पापुद्रे सुटतात. तेवढा पट्टा पॉलिश पेपरने घासून प्रायमर मारावा लागला.

रंग एकूण चौदा होते, आणि पार्श्वभूमी गडद हिरवी. जाळीतून येणारा उजेड आधीच कमी, त्यात गडद भिंत म्हणजे दुपारीही दिवे लावायचे. पार्श्वभूमी फिकट पोपटी-पिवळी ठरवली, गडद हिरवा फक्त झाडांना. भिंतीवर फूटभराचे नमुने रंगवून सकाळी आणि दुपारी पाहिले. ओल्यापेक्षा वाळल्यावर इमल्शन थोडे गडद होते, म्हणून निवड वाळल्यावरच करायची. मग त्या नमुन्यांचा मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढला. त्यात वाघाचा केशरी आणि गवताचा हिरवा एकसारखेच राखाडी दिसले, वेगळे ओळखता येईनात! जंगलात वाघाला याचाच फायदा होतो, कारण चितळाला केशरी आणि हिरव्यातला फरक कळत नाही. आपल्याला वाघ लपवायचा नव्हता, म्हणून मागचे गवत बरेच फिकट केले.

शेवटी कागदावरचे भिंतीवर न्यायचे. शाळेचा प्रोजेक्टर लावून पाहिला, पण सात फुटांवरून जेमतेम पाच फूट चित्र पडे आणि रेखाटणारा स्वतःच्या सावलीत येई. शिवाय यंत्र थोडे तिरके झाले की चौकोनाच्या कडा फाकत. म्हणून चौकडी आखली. कागदावर एकेक इंचाची, भिंतीवर एकेक फुटाची, एकूण नव्वद घरे. आडवी अक्षरे, उभे आकडे. ठिपक्यांची रांगोळी येणाऱ्या बाईला हे वेगळे शिकवावे लागत नाही.

तरी पहिली चौकडी चुकली. मॅडमनी दोन्ही टोकांना जमिनीपासून वर मोजले होते. मी दोन्ही कर्ण मोजायला लावले, तर दीड इंचाचा फरक! पाणी वाहून जावे म्हणून व्हरांड्याला जिन्याकडे उतार असतो. तिथे पंधरा फुटांत दोन इंच होता, म्हणून सगळा आयत तिरपा झाला होता. गवंड्याची पाण्याची नळी धरून खालची रेघ पुन्हा मारली, ओळंब्याने उभ्या रेघा घेतल्या. दोन्ही कर्ण १६ फूट २ इंच भरले, तेव्हा पुढे गेलो. फुटांच्या खुणाही टेप शून्यावरच ठेवून एका दमात केल्या. मागच्या खुणेपासून पुढची मोजत गेले, की वहीतल्या चुकलेल्या बेरजेसारखी चूक पुढच्या पानावर ओढली जाते.

सागाची पाने आणि चितळे पुन्हा पुन्हा येणार होती. त्यांच्यासाठी आपला जुना भरतकामाचा खाका काढला. बटर पेपरवर सुईने टोचलेली रेघ भिंतीला लावायची आणि खडूच्या पुडीची पुरचुंडी वरून थोपटायची. गेरू मात्र वापरू नका, तो फिकट रंगातून वर येतो.

मे महिन्यात सकाळी सात ते दहा एवढेच काम होई, नंतर रंग ब्रशवरच सुके. मॅडमचे मूळ चित्र वाया गेले नाही. त्यातला मोर जसाच्या तसा पाणवठ्याशी बसला आहे, दोन फूट उंच, बरोबर मुलांच्या डोळ्यांसमोर.