भापा इलिशची चित्रमाला

कलकत्ता, श्रावण. आज कॅरोसेलसाठी भापा इलिशची पाककृती मांडताना जिन्नसांच्या पहिल्या चित्रात इलिशचे 4 तुकडे, 2 मोठे चमचे मोहरी, हिरव्या मिरच्या, हळद, मीठ आणि मोहरीचे तेल हे सारे वापरण्याच्या क्रमानेच लिहिले. वाटणाला मात्र स्वतंत्र चित्र दिले, कारण भिजवलेली मोहरी मीठ व मिरचीसह न वाटता नुसतीच फार वेळ घोटली, तर तिचा कडवटपणा संपूर्ण पदार्थात उतरतो. चाखून पाहण्याची ताकीदही तेथेच छापली. बंद डब्यात सुमारे 15 मिनिटे वाफ दिल्यावर मांस काट्यापासून सुटू लागते, ती खूण पुढच्या चित्रात. अखेरीस गरम भातावर अखंड तुकडा आणि त्यावर कच्च्या तेलाची धार.