येवल्याची पाहुणी

ती कुणाच्या घाईला भीक घालत नाही. लग्नाची तारीख ठरू दे, पत्रिका वाटून होऊ देत, येवल्याच्या मागावरची पैठणी आपल्याच चालीनं पुढे सरकते. तिचं अंग त्यातल्या त्यात लवकर उतरतं, कारण तिथे धोटा सरसर फिरतो. पदर लागला की मात्र सगळं बोटांवर येतं. जमीन जरीची आणि मोर रेशमाचे. मानेला एक, पिसाऱ्याला दुसरी, डोळ्याला तिसरी, अशा रंगारंगाच्या छोट्या तिल्ल्या ताण्यावर लोंबत असतात. विणकर प्रत्येक रंग त्याच्या हद्दीपर्यंत नेतो, शेजारच्या धाग्यात अडकवतो आणि परत फिरवतो. पदर भरगच्च असेल तर दिवसाकाठी बोटभर वाढला तरी काम चांगलं झालं म्हणायचं. असा एकेक रंग अडकवत विणल्यामुळेच हातमागाचा पदर उलटून पाहिला तरी मोर जवळजवळ तसाच दिसतो. मागे सुटे, कापलेले धागे लोंबत नाहीत.

आमच्या घरची पैठणी हिरव्या ताण्याची आणि जांभळ्या बाण्याची. उन्हात धरली की हिरवी वाटते, सावलीत नेली की जांभळी. नारळी काठ आणि पदरावर मोरांच्या तीन ओळी. तिनं माझ्या लग्नात आईच्या अंगावर असायचं होतं. आईची जिवलग मैत्रीण, आमची मावशी, चारचौघांत सांगून बसली होती, "लेकीच्या लग्नात तुला पैठणी मी नेसवणार." त्या भरवशावर आईनं स्वतःसाठी साडीच घेतली नाही. लग्नाला चार दिवस उरले तरी मावशी काही बोलेना. शेवटी आई एकटीच मेन रोडला जाऊन मिळेल ती साडी घेऊन आली. लग्नाच्या दिवशी मावशी अक्षता टाकून, एक पाकीट माझ्या हातात ठेवून, न जेवता निघून गेली. आईला साडीपेक्षा ते न जेवणंच जास्त लागलं. त्यानंतर पंचवटीतली ही दोन घरं, दहा मिनिटांच्या अंतरावरची, एकमेकांना परकी झाली. संक्रांतीचं हळदीकुंकूसुद्धा दोघींनी वेगवेगळं केलं.

माझी लेक पोटात असताना ती आली. निफाडमार्गे येणाऱ्या एसटीनं विणकराचा मुलगा तिला मलमलीत गुंडाळून घेऊन आला आणि मावशीचं नाव सांगून आईच्या हातात देऊन गेला. सोबत चिठ्ठी नव्हती. आईनं दोन दिवस घडी मोडलीच नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं पदर दिवाणावर पसरला आणि उलटसुलट पाहत बसली.

आईचा हात भरतकामातला, त्यामुळे टाका कुणाचा हे ती चटकन ओळखते. पदरातल्या पहिल्या दोन ओळींतले मोर घट्ट, बसके होते. तिसऱ्या ओळीतले अर्ध्या पेरानं उंच आणि जरा सैल. नक्षी तीच, रंग तेच, मोराची चोचसुद्धा तीच. फणी जोरानं ठोकली की धागे दाटून बसतात आणि मोर आखूड होतो, हलक्या हातानं ठोकली की तोच मोर लांबतो. तिसरी ओळ दुसऱ्या कुणीतरी विणली होती. भौगोलिक मानांकनाचं लेबल पैठणी कुठली ते सांगतं, तिच्यावर काय गुदरलं ते पदरालाच विचारावं लागतं.

आईनं फोन उचलला.

"वरच्या ओळीचे मोर कुणी काढले गं?"

पलीकडे क्षणभर काही नाही. मग, "विणकराच्या सुनेनं. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. पावसाळ्यात मागाच्या खड्ड्यात ओल आली, तेव्हाही काम बंद होतं. तुला दिसलं होय?"

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"सगळ्यांसमोर मिरवून बसले होते ना मी. काय तोंडानं सांगणार? दुकानातून तयार आणली असती, पण ती मला तुला द्यायची नव्हती."

"जेवली असतीस तरी चाललं असतं," आई म्हणाली. मावशी त्याच संध्याकाळी आली आणि आईनं पिठलं-भाकरी टाकली. लग्नाचा विषय दोघींपैकी कुणीच काढला नाही. पदर मात्र पुन्हा पसरला गेला, आणि मावशीनं त्या सुनेचे मोर बोटानं मोजून दाखवले.

आईनं ती पैठणी पहिल्यांदा नेसली माझ्या लेकीच्या बारशाला. आता ती कपाटात मलमलीतच असते, डांबरगोळी जरीला लागू न देता. एकाच घडीवर फार दिवस राहिली तर जर तिथेच तुटते, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून नवी घालावी लागते. पदर जड, लांबी सहावार. एकट्या माणसाला ती नीट आवरत नाही. त्या कामाला मावशी येते. दोन टोकं दोघी धरतात आणि घडी उभी घालायची की आडवी, यावरून दर वेळी नव्यानं भांडतात.