सगळ्यांसमोर आलेल्या मेलला उत्तर देताना

‘डॉक्टर, ऑफिसच्या ग्रुप मेलमध्ये कुणी माझ्यावर खापर फोडलं की छातीत धडधडतं,’ असं सांगणारे पेशंट मला नेहमी भेटतात. हे मनाचे खेळ नाहीत. मूत्रपिंडांवर असलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींतून अ‍ॅड्रिनलिन रक्तात येतं, नाडी वाढते, हात थरथरतात. थोड्या वेळाने ते ओसरतं. पण तोच मेल पुन्हा वाचलात की सगळं नव्याने सुरू होतं. म्हणून उत्तर लिहा, पण पत्त्याचा रकाना रिकामा ठेवून. मग चुकून बटण दाबलं तरी मेल जात नाही.

माझंच उदाहरण सांगतो. एका सर्जनने बारा जणांना मेल टाकला, की मेडिसिन विभागाने वेळेत फिटनेस न दिल्याने हर्नियाचं ऑपरेशन रद्द करावं लागलं. मी आदल्या संध्याकाळीच पेशंट तपासला होता. पोटॅशियम २.९ होतं; साधारण ३.५ ते ५ हवं. इतकं कमी असताना भूल दिली तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून औषध देऊन सकाळी पुन्हा तपासा, असं केसपेपरवर लिहिलं होतं. सकाळी रक्त पाठवलंच गेलं नव्हतं.

मी हे उत्तर पाठवलं :

‘पेशंटची तब्येत ठीक आहे. काल संध्याकाळी ६:४० ची केसपेपरवरची नोंद अशी : पोटॅशियम २.९, औषध देऊन सकाळी पुन्हा तपासणी, त्यानंतर फिटनेस. सकाळचा रिपोर्ट आलेला नाही. आता रक्त पाठवायला सांगितलं आहे. रिपोर्ट चांगला आला तर संध्याकाळी फिटनेस देतो. उद्याच्या यादीत घेता येईल का?’

रक्त कुणी पाठवलं नाही, हे मी लिहिलं नाही. वेळ आणि आकडा दिला की वाचणाऱ्याला ते कळतं; बोट दाखवलं की भांडण सुरू. बारा जण वाचणार म्हणून पेशंटचं नावही टाळलं. पहिल्या खर्ड्यात ‘मुळात’, ‘मी आधीच लिहिलं होतं’ आणि आपलं लाडकं ‘कृपया नोंद घ्यावी’ होतं. तिन्ही काढली, कारण स्क्रीनवर ती टोमण्यासारखीच वाचली जातात. शेवटचा प्रश्न मात्र मुद्दाम ठेवला. समोरच्याला वादाऐवजी कामाचं उत्तर देता येतं. त्यांचं उत्तर आलं : ‘उद्या तिसरा नंबर.’

सगळ्यांना उत्तर एकदाच द्या. पुन्हा टोमणा आलाच तर फोन उचला. आणि आरोप हलगर्जीपणाचा किंवा खोटेपणाचा असेल, तर हा उपाय पुरत नाही. तिथे त्या मेलवर काही न लिहिता नोंदींच्या प्रती घेऊन वरिष्ठांना प्रत्यक्ष भेटा.