अष्टपैलूची बेरीज

मी काही खेळाडू नव्हे. महाविद्यालयाच्या क्रिकेट संघाशी माझे नाते स्कोअरबुकापुरते. अक्षर बरे आहे आणि उन्हात बसायची सवय आहे, एवढ्या दोन गुणांवर पहिल्या वर्षीच माझ्याकडे ते पुस्तक आले. आमच्या घरातला महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच, त्यामुळे माझ्या हातात वही दिसली की घरचे ती अभ्यासाचीच समजतात. मीही तो गैरसमज कधी दूर केला नाही.

गेल्या हंगामात आठ सामने झाले आणि पुढच्या स्पर्धेसाठी संघ निवडायची वेळ आली. चौदा नावे पक्की झाली. पंधराव्या जागेसाठी दोन अष्टपैलू खेळाडू होते. त्यातला एक माझा मित्र. निवड करणाऱ्यांनी मला सांगितले, "पुस्तक तुझ्याकडे आहे. दोघांचा एकेक आकडा काढून दे, म्हणजे वाद नको."

आकडा काढायची एक रीत मी वाचली होती. फलंदाजीच्या सरासरीतून गोलंदाजीची सरासरी वजा करायची. गडी एकदा बाद होईपर्यंत किती धावा मिळवतो आणि एक बळी घेताना किती धावा मोजतो, दोन्ही मापे धावांचीच. त्यामुळे वजाबाकी करायला हरकत दिसत नव्हती. मित्राच्या धावा १७६, आठ वेळा बाद, सरासरी २२. बळी २०, त्यासाठी दिलेल्या धावा ४८०, सरासरी २४. वजाबाकी उणे २. दुसऱ्याच्या धावा ११२, चारदाच बाद, सरासरी २८. बळी तीन, ६० धावांत, सरासरी २०. वजाबाकी अधिक ८. मी कागद दिला. मित्राचे नाव यादीत आले नाही. आकडा माझ्याच हातचा होता, त्यामुळे कोणावर रागावायचीही सोय नव्हती.

मनाला मात्र तो पटेना. वीस बळी घेणारा उणे आणि तीन बळींवाला अधिक कसा? मग मी हीच रीत मोठ्यांना लावून पाहिली. कसोटीत कपिल देवची फलंदाजीची सरासरी ३१.०५ आणि गोलंदाजीची २९.६४. वजाबाकी जेमतेम १.४१. ५२४८ धावा आणि ४३४ बळी यांची एवढीच किंमत! सोबर्सची वजाबाकी २३.७५ येते, ते समजण्यासारखे आहे. पण ब्रॅडमनने कसोटीत ७२ धावा देऊन दोन बळी घेतले होते, म्हणजे सरासरी ३६. फलंदाजीची सरासरी ९९.९४. वजाबाकी ६३.९४! या हिशेबाने जगातला सर्वश्रेष्ठ अष्टपैलू ब्रॅडमन ठरतो, तोही दोन बळींच्या जोरावर.

गोम तिथेच होती. सरासरी दर सांगते, माल किती ते सांगत नाही. तीन बळी स्वस्तात मिळाले काय आणि वीस मिळाले काय, वजाबाकीला दोन्ही सारखेच.

दर आणि माल यांचा मेळ कसा घालायचा, ते मला आबांच्या बोलण्यातून सुचले. आबा मार्केट यार्डात हमाली करतात. एकदा जेवताना टोळीतला एक गडी न आल्याची गोष्ट निघाली. मी विचारले, "तो शंभर पोती उचलतो, मग शंभर पोत्यांचा खोळंबा झाला का?" आबा म्हणाले, "आरं, शंभराचा कसा हुईल? नाक्यावरनं बदली गडी आणला. त्यानं साठ उचलली. खोळंबा चाळीसाचा."

खेळाडूचेही तसेच मोजायला हवे. तो नसता तर जो बदली आला असता, त्याने तेवढ्याच वेळा बाद होऊन किती धावा केल्या असत्या आणि तेवढेच बळी किती धावांत घेतले असते? दोन्हीकडचा फरक काढायचा आणि बेरीज करायची. मग माल आपोआप हिशेबात येतो.

हे पडताळायला मी १९५२ च्या जूनमधली लॉर्ड्सची कसोटी घेतली. त्या दौऱ्यातल्या पहिल्या, लीड्सच्या कसोटीत विनू मंकड नव्हते. ते लँकशायरमध्ये हॅस्लिंग्डन क्लबकडून खेळत होते. तिथे दुसऱ्या डावात भारताचे शून्य धावांवर चार गडी गेले. लॉर्ड्सला मंकड आले. त्यांनी ७२ आणि १८४ धावा केल्या, दोन डावांत मिळून ९७ षटके टाकली आणि २३१ धावांत पाच बळी घेतले. भारत तरीही आठ गडी राखून हरला.

बदली खेळाडू सर्वसाधारण दर्जाचा, दोन्हीकडे सरासरी ३० चा धरू. मंकड दोनदा बाद झाले, तिथे बदलीने ६० धावा केल्या असत्या. मंकडांच्या २५६, म्हणजे १९६ जास्त. पाच बळींसाठी बदलीने १५० धावा दिल्या असत्या. मंकडांनी ८१ जास्त दिल्या. बेरीज ११५. गोलंदाजीत त्यांनी नुकसानच केले, असे हा आकडा म्हणतो. ९७ षटके टाकणाऱ्या माणसाला हे कोण सांगणार?

म्हणून बदली त्याच सामन्यातला घेतला. भारताच्या दोन डावांत ६१३ धावा झाल्या. मंकडांच्या वगळल्या तर ३५७ धावांत अठरा गडी, म्हणजे गड्यामागे सुमारे २०. इंग्लंडने ६१६ धावा केल्या आणि त्यांचे बारा गडी गेले. अवांतर धावा, धावचीत, जे असेल ते इतरांच्या खात्यात टाकले, तर इतरांना सात गडी ३८५ धावांना पडले, म्हणजे ५५ ला एक. आता फलंदाजीत मंकड २१६ ने पुढे आणि गोलंदाजीत ४४ ने. बेरीज २६०. माणूस तोच, सामना तोच. बदली कोण धरला एवढ्यावर आकडा दुपटीहून मोठा झाला.

खरा वाद इथेच आहे आणि तो गणिताने मिटत नाही. सोबत्यांशीच तुलना केली तर दुबळ्या संघातला माणूस फुगतो आणि बलाढ्य संघातला उगाच बारीक दिसतो. सगळ्यांना एकच ३० लावले तर खेळपट्टी आणि प्रतिस्पर्धी विसरले जातात. मला वाटते, दोन खेळाडूंतून एक निवडायचा असेल तर बदली म्हणून राखीवातला खराखुरा गडी धरावा, कारण तोच मैदानात येणार असतो.

आमचे राखीव खेळाडू मला माहीत आहेत. फलंदाजीत १५, गोलंदाजीत ३०, याहून जास्त त्यांची तारीफ करवत नाही. त्या मापाने मित्राचे फलंदाजीचे ५६ आणि गोलंदाजीचे १२०, एकूण १७६. दुसऱ्याचे ५२ आणि ३०, एकूण ८२. सामने दोघांचेही आठच.

स्पर्धा तोवर संपली होती. तरी तो कागद घेऊन मी मित्राकडे गेलो. त्याने सावकाश वाचला. रागावेल असे वाटले होते, पण तो एवढेच म्हणाला, "आणि माझे झेल रे?"

स्कोअरबुकात बाद झालेल्याच्या रकान्यात झेल घेणाऱ्याचे नाव लिहिलेले असते. त्या रात्री मी मोजले. अकरा निघाले. एका झेलाच्या किती धावा धरायच्या, ते अजून आमचे ठरलेले नाही. तो म्हणतो दहा, मी म्हणतो पाच.